हळद आणि तेलाचा डाग: सुती कापड आणि रेशीम यांच्यासाठी वेगळी पद्धत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हळदीचा डाग जवळजवळ कधीच एकट्या हळदीचा नसतो, त्यात तेल असतंच. म्हणून इथे या जोडडागाबद्दलच लिहिलं आहे, आणि तेही फक्त दोन तंतूंच्या संदर्भात: कापूस आणि रेशीम. डाग एकच असला तरी या दोघांवर तो काढायचे मार्ग फार लवकर वेगळे होतात.

साबण लावल्याबरोबर पिवळा डाग लालभडक का झाला? कापड खराब झालं का?

नाही, कापडाला काही झालेलं नाही. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. आम्ल किंवा उदासीन पाण्यात ते पिवळं असतं आणि अल्कलीत गेलं की तांबूस-लाल होतं. कपड्यांची वडी आणि बहुतेक धुण्याच्या पावडरी अल्कलीयुक्त असतात, म्हणून साबण लागताक्षणी डाग लाल दिसतो. भरपूर पाण्यात खळबळला की तो पुन्हा पिवळ्याकडे येतो. चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात तर लगेच येतो.

या लालीचा एक उपयोगही आहे. धुऊन झाल्यावर डाग गेला असं वाटत असेल, तर त्या जागी साबणाच्या पाण्याचा एक थेंब लावून बघा. फिकट पिवळा डोळ्याला सुटतो, पण तोच लाल झाला की चटकन दिसतो. ही परीक्षा सुती कापडावरच करावी. रेशमावर साबणाचं पाणी कशाला टाळायचं ते पुढे येईलच.

आधी रंग काढायचा की तेल?

तेल. कापड कुठलंही असो, हा क्रम बदलत नाही.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतं. म्हणजे डाग पडतो तेव्हा रंग तेलात मिसळलेला असतो आणि तेलच त्याला धाग्यांच्या आत घेऊन जातं. तेल बाहेर काढलं की त्याच्याबरोबर बराचसा रंग आपोआप निघतो. उरतो तो तंतूला धरून बसलेला रंग, आणि त्याच्यासाठी वेगळा उपाय लागतो. तेल तसंच ठेवून ब्लीच लावलं, तर ब्लीचचं पाणी तेलाच्या थरापाशीच अडतं. रंग अर्धवट उडतो आणि कडेने जुनाट कडं राहतं.

तेल गेलं की नाही हे ओळखायचं कसं? कापड पूर्ण वाळू द्या आणि डागाच्या जागी पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा उभा राहिला आणि शेजारच्या स्वच्छ जागी मात्र लगेच मुरला, तर तेल अजून आत आहे. कापड उजेडासमोर धरलं तर तेलकट जागा थोडी पारदर्शक दिसते, हीही खूण धरता येते. या परीक्षेत कापड पास होईपर्यंत रंगाच्या मागे लागू नका. इस्त्री तर मुळीच फिरवू नका, कारण उष्णतेने तेल हवेशी लवकर संयोग पावतं, चिकट होतं आणि मग साबणाला दाद देत नाही.

सुती आणि रेशमी कापडात असा काय फरक आहे की पद्धतच बदलावी लागते?

कापूस म्हणजे सेल्युलोज, वनस्पतीचा तंतू. रेशीम म्हणजे फायब्रॉइन नावाचं प्रथिन, केस आणि लोकर यांच्याच वर्गातलं. सगळा फरक इथून सुरू होतो.

सेल्युलोजला अल्कलीची भीती नाही. गिरण्यांमध्ये कच्चं सुती कापड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळूनच स्वच्छ करतात. ओला कापूस कोरड्यापेक्षा साधारण १० ते २० टक्के जास्त मजबूत होतो, म्हणून तो चोळता येतो, पिळता येतो, गरम पाण्यात टाकता येतो. त्याचं वैर आहे ते आम्लाशी. आम्ल धाग्यात राहून वाळलं आणि त्यावर गरम इस्त्री फिरली, की सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात.

रेशमाचं बरोबर उलटं आहे. सौम्य आम्ल त्याला चालतं, उलट त्याने चमक खुलते. अल्कली मात्र प्रथिनाच्या साखळ्या तोडत जाते. परिणाम पहिल्या धुण्यात दिसत नाही. आधी चमक मंदावते, मग स्पर्श खरखरीत होतो आणि शेवटी कापड घडीवर फाटायला लागतं. शिवाय रेशीम ओलं झालं की साधारण १५ ते २० टक्के कमजोर होतं. नेमकं त्याच वेळी आपण ते चोळतो आणि तिथेच नुकसान होतं.

आणखी एक गोष्ट रंगाची. कर्क्युमिन कापसावरही चढतं, पण रेशमाच्या प्रथिनात त्याला धरून ठेवणाऱ्या जागा जास्त असतात, आणि पाणी गरम असेल तर रंग आत शिरायला मदतच होते. रेशमी धागा रंगवताना जे करतात, तेच डाग काढण्याच्या नादात आपल्या हातून होतं: रंग, ओलावा आणि ऊब एकत्र येतात. म्हणून रेशमाला थंड किंवा जेमतेम कोमट पाणी.

सुती कापडावरचा ताजा डाग कसा काढावा?

पांढरी सुती उशीची खोळ घेऊ आणि तिच्यावर तळहाताएवढा हळद-तेलाचा डाग पडला आहे असं धरू.

आधी चमच्याच्या कडेने वरचा दाट भाग उचलून घ्या, कडेकडून मधे. मग पांढऱ्या कापडाने किंवा टिश्यूने वरून दाबून टिपा. पुसू नका, पुसल्याने डाग पसरतो. यानंतर बहुतेकजण नळाखाली धरतात, आणि माझ्या मते पहिली चूक इथेच होते. कापूस पाणी पटकन शोषतो आणि पाण्याने भरलेल्या धाग्यात साबण नीट शिरत नाही. म्हणून कोरड्या डागावरच भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाका. हे लिक्विड तेल सोडवण्यासाठीच बनवलेलं असतं. बोटाने हलकं पसरवा, खोळीच्या उलट्या बाजूनेही लावा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

मग गरम पाणी, ५० ते ६० अंशांचं. हात घालवणार नाही इतपत गरम, पण उकळतं नाही. त्यात नेहमीची धुण्याची पावडर घालून खोळ धुवा. डाग लाल होईल, होऊ द्या. खळबळून वाळवा आणि थेंबाची परीक्षा घ्या. तेल उरलं असेल तर लिक्विडची पायरी पुन्हा करा.

तेल गेल्यावर जो पिवळसरपणा उरतो त्याला ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, सगळ्यात चांगलं. पाण्यात पडल्यावर त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा वेगळे होतात. पेरॉक्साइड कर्क्युमिनचा रेणू तोडतं, सोड्याच्या अल्कलीत ते काम जोरात चालतं आणि उरलंसुरलं तेलही सुटतं. कापसाला हे दोन्ही चालतं, म्हणून ही जोडी त्याच्यासाठी इतकी सोयीची. एक लिटर पाण्याला साधारण १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. पाणी ४० ते ५० अंश, वेळ एक ते तीन तास. भांडं उघडं ठेवा. हे द्रावण बाटलीत भरून झाकण लावून कधीही ठेवू नका, आतल्या वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.

शेवटी ऊन. खोळ ओलसर असतानाच डागाची बाजू वर करून उन्हात पसरा आणि वाळली की पाणी शिंपडा. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. हळदीने रंगवलेलं कापड लवकर विटतं ते याच कारणाने, आणि डाग काढताना हाच दोष आपल्या कामी येतो. जो पिवळा भिजवूनही गेला नाही तो एक-दोन दिवसांच्या उन्हात बहुधा दिसेनासा होतो.

लिंबू किंवा व्हिनेगर लावून उन्हात ठेवायचं का?

सुती कापडावर हा उपाय मला उलटा वाटतो. आम्लात डाग पिवळा होतो, त्यामुळे फिकट झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात कर्क्युमिन आम्लात जास्त स्थिर असतं आणि अल्कलीत लवकर मोडतं. डाग गेला तर तो उन्हाने गेला, लिंबाने नाही. वर ते आम्ल कापसात राहिलं तर धागा कमकुवत होतो. सुती कापडावर व्हिनेगरचं काम एवढंच: सगळं झाल्यावर लाली घालवायची असेल तर एखादं पाणी व्हिनेगरचं, आणि त्यानंतर साध्या पाण्याने नीट खळबळणं.

पांढऱ्या सुती कपड्याला क्लोरीनचं ब्लीच चालेल का?

चालतं, आणि ते झपाट्याने काम करतं. पण तेल आधी गेलेलं हवं, द्रावण पातळ हवं, वेळ मिनिटांत मोजलेला हवा. त्या कपड्यात लवचीक धागा मिसळलेला असेल तर तो क्लोरीनने पिवळा पडतो आणि सैल होतो. रंगीत कपड्यावर वापरू नका. आणि एक गोष्ट बजावून सांगायची आहे: क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलंही आम्ल एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ते मिसळू नका. एकापाठोपाठ एक वापरायची वेळ आली तर मधे कापड भरपूर पाण्याने धुऊन घ्या.

रेशमावर क्लोरीन ब्लीच कधीच नाही. ते प्रथिन पिवळं पाडतं, खातं आणि द्रावण तीव्र असेल तर रेशीम चक्क विरघळवतं.

मग रेशमावर करायचं काय?

आधी एक मनाशी ठरवा: रेशमावरचं ध्येय डाग शंभर टक्के घालवणं हे नाही. कापडाची चमक आणि पोत शाबूत ठेवून जेवढा निघेल तेवढा काढायचा. सुती कापडाशी झगडता येतं कारण तंतू ते सोसतो. रेशमावर तंतू डागाआधी हार मानतो.

आता तोच डाग, पण फिकट क्रीम रंगाच्या रेशमी स्कार्फवर पडला आहे असं समजा.

दाट भाग चमच्याने अलगद उचला, वरून टिपा. पाणी अजिबात लावू नका. स्कार्फ सपाट पसरा, खाली पांढरं शोषक कापड घाला आणि डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर पसरा. हे निदान तीन-चार तास, जमलं तर रात्रभर ठेवा. पावडर तेलकट आणि पिवळसर होईल. ती मऊ ब्रशने झटका आणि पुन्हा नवी घाला. दुसऱ्या वेळची पावडर कोरडी आणि पांढरीच राहिली, तर शोषण्यासारखं तेल संपलं. या पायरीत कष्ट काहीच नाहीत, म्हणून लोक ती उरकून टाकतात. रेशमासाठी मला हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते, कारण इथे जेवढं तेल निघतं तेवढा पुढचा ओला त्रास वाचतो.

मग रंगाची चाचणी. स्कार्फच्या दुमडलेल्या कडेला आतून साध्या पाण्याचा थेंब लावा, वर पांढरा कापूस दाबा आणि कापसाला रंग लागतो का ते बघा. तसंच सौम्य लिक्विडने करा, शेवटी स्पिरिटने. ज्या पायरीला रंग सुटला त्या पायरीपाशी थांबा आणि स्कार्फ ड्रायक्लीनरकडे द्या.

रंग पक्का असेल तर अर्धा चमचा न्यूट्रल लिक्विड डिटर्जंट कपभर थंड पाण्यात मिसळा. रेशीम आणि लोकरीसाठी म्हणून जे मिळतं ते. स्कार्फची डागाची बाजू खाली, पांढऱ्या कापडावर ठेवा. मागच्या बाजूने हे पाणी कापसाने ठोकत ठोकत लावा, बाहेरच्या कडेपासून मधे. डाग ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने तो बाहेर ढकलायचा असतो. खालचं कापड पिवळं झालं की सरकवून स्वच्छ भाग आणा, नाहीतर निघालेला रंग पुन्हा वर चढतो.

मग संपूर्ण स्कार्फ थंड पाण्यातून काढा. नुसती डागाची जागा ओली ठेवून वाळवली तर तिथे पाण्याचं कडं उमटतं, आणि ते कडं कधीकधी मूळ डागापेक्षा जास्त नजरेत येतं. शेवटच्या पाण्यात लिटरला चहाचा एक चमचा पांढरं व्हिनेगर घाला. डिटर्जंटचा अंश निघतो आणि रेशमाची चमक परत येते. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत, सपाट वाळवा.

एवढं करूनही पिवळा उरला तर?

तेल गेलेलं असेल आणि स्पिरिटच्या चाचणीत रंग सुटला नसेल, तर सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरता येतं. कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि अल्कोहोल प्रथिनाला सोड्यासारखं तोडत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने मागच्या बाजूने थोडं थोडं लावा आणि खालच्या पांढऱ्या कापडावर पिवळं उतरतं का ते बघत राहा. जोपर्यंत उतरतंय तोपर्यंत चालू ठेवा. दोन-तीन वेळा लावून खालचं कापड कोरंच राहिलं, तर उरलेला रंग तंतूने धरला आहे. इथे थांबायचं.

रेशीम पूर्ण पांढरं, न रंगवलेलं असेल तर आणखी एक वाट उरते. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच थंड पाण्यात मिसळा, फक्त डागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि धुवा. त्यात सोडा किंवा अमोनिया घालू नका. रंगीत रेशमावर हे नको, कारण पेरॉक्साइडला हळदीचा रंग आणि कापडाचा रंग यांत फरक कळत नाही. परकार्बोनेटही रेशमाला नको. त्यातलं पेरॉक्साइड चाललं असतं, पण सोबतचा सोडा चालत नाही.

ऊनही नाही. ज्या उन्हाने सुती खोळ स्वच्छ होते, त्याच उन्हाच्या अतिनील किरणांनी रेशमाचं प्रथिन पिवळं आणि ठिसूळ होतं. डाग विटेल, पण भोवतालचं कापडही बदलेल.

एन्झाइमवालं डिटर्जंट डागांवर चांगलं म्हणतात. ते रेशमाला का नको?

त्या डिटर्जंटांत बहुधा एकापेक्षा जास्त एन्झाइम असतात. लायपेज तेल तोडतं, तर प्रोटीएज प्रथिन तोडतं. सुती कापडात प्रथिनच नसल्यामुळे दोन्ही बिनधोक चालतात, आणि तेलाच्या डागावर लायपेजची मदतच होते. रेशीम मात्र स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे प्रोटीएज डाग आणि कापड असा भेद करत नाही. म्हणून पाकिटावर एन्झाइम असं लिहिलं असेल तर ते रेशमापासून दूर ठेवा.

रेशमावर डाग गेला, पण तिथे पांढुरकी, धुरकट जागा आली. ती कशी काढू?

ती निघत नाही. हा डाग नसून तुटलेल्या तंतूंची लव आहे. रेशमाचा सलग, गुळगुळीत तंतू ओला असताना घासला की त्यातून बारीक धागे सुटतात, आणि प्रकाश सरळ परतण्याऐवजी विखुरतो. कापड तिरकं धरून बोट फिरवलंत तर तिथला स्पर्श वेगळा लागेल. कापडावर ब्रश किंवा नख चालवायचा मोह होतो तेव्हा हे आठवावं. फिकट पिवळी छटा वापरात लपते, ही जागा लपत नाही.

कापड नक्की रेशीम आहे का, हे कसं ओळखू?

शिवणीतून एक-दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो, ज्योत गेल्यावरही धुमसतो आणि मऊ राखाडी राख ठेवतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ते बहुधा विझतं आणि मागे बोटाने चुरडता येईल असा काळा मणी राहतो. मणी कडक असेल, चुरडत नसेल, तर ते पॉलिस्टर आहे. चमकदार सॅटिन पुष्कळदा तेच असतं. सुती-रेशीम मिश्र कापड असेल तर उपाय रेशमाचे करा, कारण मिश्रणात नियम नाजूक तंतूचा लागू होतो.

डाग जुना आहे, मधे इस्त्रीही झाली. अजून काही होईल का?

सुती असेल तर आशा सोडू नका. जुनं तेल हवेने घट्ट झालेलं असतं, म्हणून आधी कोरड्या डागावर स्पिरिट लावून टिपा, मग लिक्विड, मग गरम पाण्यात परकार्बोनेटचं रात्रभर भिजवणं, मग ऊन. एका फेरीत निघाला नाही तर पूर्ण क्रम पुन्हा करा. दरवेळी थोडा फिका होत असेल तर चालू ठेवण्यात अर्थ आहे.

रेशमावरचा जुना डाग घरी हाताळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायक्लीनरला काय सांगायचं?

तीन गोष्टी: डाग हळदीचा आणि तेलाचा आहे, तो कधी पडला, आणि घरी त्यावर काय काय लावलं. तिसरी गोष्ट संकोचाने लपवली जाते, पण तीच सगळ्यात उपयोगी असते. ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट तेल छान काढतं, पण हळदीचा रंग नुसत्या त्याने पूर्ण जाईलच असं नाही. त्याला वेगळं स्पॉटिंग, म्हणजे फक्त डागाच्या जागेवर उपचार, करावं लागतं. आधी साबण लागला होता हे त्याला कळलं, तर तो आधी अल्कली निष्प्रभ करून मग प्रेस करेल. डाग कुठे आहे ते दाखवायला त्या जागेभोवती सैल दोरा घाला. पेनाने खूण करू नका, आणि डागावर स्टिकरही चिकटवू नका.